इंटर्नशिप संपते ३० जूनला, तक्रारीची मुदत २२ जुलैला

"ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जानेवारीपासून खराडीतल्या एका आयटी कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप करतेय. फेब्रुवारीपासून माझा मेंटॉर रात्री मेसेज करतो, कपड्यांवर, फिगरवर बोलतो. २२ एप्रिलला टीम डिनरनंतर गाडीतून सोडताना त्याने मांडीवर हात ठेवला आणि 'तुझा पीपीओ माझ्या हातात आहे' म्हणाला, म्हणजे इंटर्नशिपनंतरची कायम नोकरीची ऑफर. एचआरला मोघम विचारलं तर म्हणाल्या, इंटर्न पेरोलवर नसतात, पॉश एम्प्लॉयींसाठी असतं. ३० जूनला इंटर्नशिप संपते. मैत्रीण म्हणते, सर्टिफिकेट हातात पडू दे, मग बघू. आज ३ जून. मी थांबू का? तक्रार लिहायची कशी? आणि मी त्याच्या मेसेजना स्मायली पाठवलेत, त्याचं काय?"

थांबू नकोस. सर्टिफिकेटची वाट पाहत थांबलेल्या मुलींच्या तक्रारी मी समितीत बसून वाचल्या आहेत. त्यातल्या काही मुदतीबाहेर गेल्या म्हणून उघडताच आल्या नाहीत. पुण्यातल्या चार-पाच कंपन्यांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून मी बरीच वर्षं काम करते. तुझ्या प्रश्नात कायद्याचा भाग सोपा आहे. अडचण आहे ती तारखांची आणि कागदाची.

आधी एचआरचं उत्तर बाजूला करू, कारण ते चूक आहे. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा, आणि त्यात 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या मुद्दाम ऐसपैस केलेली आहे. त्यात हंगामी, कंत्राटी, पगार न घेता काम करणारी, प्रोबेशनवरची, ट्रेनी, अप्रेंटिस, आणि अशाच दुसऱ्या कुठल्याही नावाने ओळखली जाणारी व्यक्ती येते. स्टायपेंड कंपनी देते की कॉलेज, की कुणीच देत नाही, याने फरक पडत नाही. शिवाय तक्रार करणारी बाई त्या ठिकाणी नोकरीत असलीच पाहिजे, अशी अटच कायद्यात नाही. म्हणजे १ जुलैला तुझं कार्ड बंद पडलं तरी तुझा हक्क शाबूत राहतो. एचआरच्या बाई बहुधा लबाडीने बोलल्या नसतील, पेरोल हेच त्यांचं जग असतं. पण एक लक्षात घे, त्यांना तू जे मोघम विचारलंस ती कायद्याच्या दृष्टीने तक्रार नव्हे. तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी गेली, की मगच ती तक्रार. एचआरच्या केबिनमधल्या बोलण्याने मुदतीचं घड्याळ थांबत नाही.

ते घड्याळ असं चालतं. घटनेपासून तीन महिने. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. म्हणून तुझे फेब्रुवारीतले मेसेज आज चार महिने जुने असले तरी बाद होत नाहीत, ते २२ एप्रिलच्या घटनेला जोडून येतात. पण २२ एप्रिलपासून मोजलं की शेवट २२ जुलैला येतो. समितीला आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देता येतात, तेही उशिराची कारणं पटली आणि ती तिने लेखी नोंदवली तर. तो समितीचा अधिकार झाला, तुझा हक्क नाही.

आता तुझ्या मैत्रिणीच्या सल्ल्याप्रमाणे चालून बघू. ३० जूनला इंटर्नशिप संपली. सर्टिफिकेट 'प्रोसेसमध्ये' आहे, असं तीन आठवडे ऐकलंस. मग ऑगस्टमध्ये वाईट शेरा मिळाला, पीपीओ गेला, आणि तू म्हणालीस की हीच शेवटची घटना, इथून मोजा. इथे पाय घसरतो. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातलं प्रकरण होतं. लैंगिक छळाची शेवटची घटना एप्रिलमधली आणि तक्रार डिसेंबरमधली. मधल्या काळात त्या प्राध्यापिकेला एका पदावरून दूर केलं होतं, आणि तोही छळाचाच पुढचा भाग, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. नंतरची प्रशासकीय कारवाई म्हणजे लैंगिक छळ चालू राहणं नव्हे, असं ठरलं आणि तक्रार मुदतीबाहेर गेली. त्यामुळे मे महिन्यात त्याने 'रागावलीस का' वगैरे काही पाठवलं असेल तर ते तक्रारीत जरूर लिही, पण मुदत मोजताना त्यावर विसंबू नकोस. २२ एप्रिल हीच शेवटची तारीख धर.

खरं तर माझ्या मते तुझी तारीख २२ जुलैसुद्धा नाही. ती या आठवड्यातली आहे. का, ते सांगते.

कायमच्या नोकरीतल्या बाईने तक्रार केली की समिती तिची बदली सुचवू शकते, तीन महिन्यांपर्यंत रजा द्यायला सांगू शकते. तुझ्यासाठी या दोन्ही गोष्टी जवळपास निरुपयोगी आहेत. सत्तावीस दिवस उरलेल्या मुलीला तीन महिन्यांची रजा देऊन काय होणार? पण नियमांत तिसरी एक तरतूद आहे आणि ती जणू इंटर्नसाठीच केल्यासारखी आहे. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तुझ्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येतं. मात्र हे आपोआप होत नाही. तू लेखी मागायला लागतं, आणि त्याने शेरा लिहिण्याआधी मागायला लागतं. शेरा एकदा कॉलेजच्या फॉर्मवर उतरला की तो खोडून काढणं वेगळीच लढाई होते. शिवाय, तक्रारीनंतर आलेला वाईट शेरा सूडाचा वाटू शकतो. शेऱ्यानंतर आलेली तक्रार मात्र लोकांना सूडाची वाटते. हे न्याय्य नाही, पण टेबलाच्या त्या बाजूला बसून मी ही कुजबुज ऐकलेली आहे.

दिवसांचा हिशेबही बघ. समजा तू ९ जूनला तक्रार दिलीस. समितीने सात कामाच्या दिवसांत त्याला प्रत द्यायची, त्याने दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. म्हणजे त्याचं उत्तर येईपर्यंत जुलै उजाडतो आणि तू तिथून बाहेर पडलेली असतेस. चौकशीला नव्वद दिवस, म्हणजे सप्टेंबर. निकाल इंटर्नशिपमध्ये लागणार नाही, हे गृहीतच धर. जे मिळवायचं ते पहिल्या दिवसाच्या अर्जात माग.

आता लेखनाकडे येते. तू मला मसुदा पाठवला नाहीस, पण इंटर्न मुलींचे बहुतेक मसुदे एकाच वाक्याने सुरू होतात: "माझे मेंटॉर माझ्याशी गैरवर्तन करतात व मला मानसिक त्रास देतात." या वाक्यात खोटं काहीच नाही, पण समितीला त्यात पकडायला काही सापडत नाही. उलट 'मानसिक त्रास' वाचून एखादी समिती हे कामाच्या ताणाचं प्रकरण म्हणून एचआरकडे परत पाठवते. विशेषणं काढ आणि घडलेलं लिही. २२ एप्रिलचा परिच्छेद साधारण असा दिसायला हवा. तपशील माझे आहेत, तू तुझे घाल:

"२२ एप्रिल रोजी टीमचं जेवण संपल्यावर रात्री सुमारे सव्वादहा वाजता श्री. अमुक यांनी मला गाडीतून हॉस्टेलपर्यंत सोडतो असं सांगितलं. त्या वेळी पार्किंगमध्ये टीममधले दोघे (नावं) हजर होते. हॉस्टेलच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून त्यांनी माझ्या डाव्या मांडीवर हात ठेवला. मी हात बाजूला केला आणि दार उघडलं. तेव्हा ते म्हणाले, 'तुझा पीपीओ माझ्या हातात आहे.' मी उत्तर न देता उतरले. खोलीवर गेल्यावर लगेच हे माझ्या रूममेटला सांगितलं. त्याच रात्री १०.४२ वाजता मी बहिणीला केलेला मेसेज सोबत जोडला आहे."

यात 'घाणेरडा', 'नीच', 'विकृत' असा एकही शब्द नाही, आणि त्याची गरजही नाही. तारीख, वेळ, जागा, त्याने काय केलं, तू काय केलंस, कोण जवळ होतं, नंतर कुणाला सांगितलं. त्याचं बोललेलं वाक्य शक्य तितकं त्याच्याच शब्दांत, इंग्रजीत बोलला असेल तर इंग्रजीत. वेळ नक्की आठवत नसेल तर 'सुमारे' लिही. ठोकून दिलेली वेळ उलटतपासणीत उघडी पडते आणि मग खऱ्या गोष्टींवरही शंका येते. जे आठवत नाही ते 'आठवत नाही' म्हणून लिहिलेलं चालतं.

पीपीओचं ते वाक्य फार महत्त्वाचं आहे, ते शेवटी चिकटवू नकोस. भविष्यातल्या नोकरीबद्दलचं आमिष किंवा धमकी, उघड असो वा आडून, कायद्याने वेगळी नोंदलेली आहे. पण समितीतल्या बाहेरच्या माणसाला पीपीओची ताकद कळेलच असं नाही. म्हणून घटनांच्या आधी एक परिच्छेद तुझ्या स्थितीवर लिही. इंटर्नशिप कुठल्या पत्राने मिळाली, कुठून कुठपर्यंत, रोजचं काम कोण देतं, कॉलेजच्या मूल्यमापन फॉर्मवर सही कुणाची, त्यावर किती क्रेडिट अवलंबून, कायम नोकरीसाठी नाव कोण सुचवतं. सहा ओळी पुरेत. त्या वाचल्या की तू फेब्रुवारीतच का बोलली नाहीस, या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

उरलेलं अर्धं स्मायलींबद्दल. त्या लपवू नकोस. मागे एका प्रकरणात मुलीने फक्त त्याचे मेसेज कापून जोडले होते. त्याने पूर्ण संवाद आणला, त्यात तिचे 'हाहा सर' होते, आणि पुढच्या दोन बैठका त्या 'हाहा'वरच गेल्या. संवाद अख्खा जोड आणि खुलासा तूच आधी कर: "रात्री ११.२०च्या मेसेजला मी स्मायली पाठवली. ते माझं मूल्यमापन करणार होते, त्यामुळे थेट नकार देण्याची भीती वाटत होती. विषय बदलण्यासाठी मी पुढच्याच मेसेजमध्ये कामाबद्दल विचारलं." तू खरंच विषय बदलला असशील तर ते त्या संवादात दिसेलच. समितीला बघायचं असतं की ते वागणं तुला नकोसं होतं का. नकोसं असण्यासाठी ओरडून नाही म्हणायला लागत नाही. उशिरा उत्तर देणं, एकटीने गाडीत न बसणं, डेस्क बदलून मागणं, हे सगळं त्यात धरलं जातं. २२ एप्रिलनंतर त्याला टाळण्यासाठी तू जे जे केलंस ते तारखांसह लिही.

पुरावे ३० जूनच्या आधी हाताशी घे, कारण लॅपटॉप परत गेला की कंपनीच्या चॅटवरचं सगळं तुझ्या हातून जातं. कंपनीच्या चॅटमधला तुमच्या दोघांचाच संवाद, नाव, तारीख आणि वेळ दिसेल अशा बेताने, स्वतःच्या फोनने फोटो काढून ठेव. क्लायंटचं काम, कोड, इतरांचे मेल यांना हात लावू नकोस आणि काहीही स्वतःच्या मेलवर फॉरवर्ड करू नकोस. नाहीतर डेटा बाहेर नेल्याचा वेगळाच गुन्हा तुझ्या नावावर उभा करतील. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर आजच तपास. आणि जे तुझ्या हातात नाही ते अर्जातच माग: "कंपनीच्या चॅटची नोंद, २२ एप्रिलची प्रवेश-कार्डाची नोंद आणि पार्किंगचं चित्रण जतन करून समितीसमोर आणावं." कागद मागवण्याच्या बाबतीत समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. चित्रण एव्हाना पुसलं गेलं असण्याचीच शक्यता जास्त, तरी माग.

साक्षीदारांची नावं आणि पत्ते तक्रारीसोबत द्यायचे असतात. तुझ्यासोबतचे इंटर्नही ३० जूनला पांगतील, कुणी नागपूरला, कुणी परदेशी. त्यांचे खासगी मेल आणि फोन आताच घेऊन ठेव. त्यांना काय बोलायचं ते मात्र शिकवू नकोस.

आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट, जिच्यापायी प्रकरणं बंद पडलेली आहेत. तक्रारीत कंपनीचा मेल आयडी देऊ नकोस. जुलैत तो बंद होईल, सुनावणीच्या नोटिसा तिथेच जात राहतील आणि तुला पत्ताच लागणार नाही. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना गैरहजर राहिलं, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन समिती चौकशी बंद करू शकते. खासगी मेल, फोन, घरचा पत्ता लिही, आणि परीक्षेच्या तारखा कळवून सुनावणी व्हिडिओवर घेण्याची विनंती आताच कर.

नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती लागतात. बऱ्याच समित्या मेलवर घेतात, तरी पोच मिळेपर्यंत दिलीस असं समजू नकोस. समितीतल्या सदस्यांची नावं कार्यालयात ठळक जागी लावणं कंपनीवर बंधनकारक आहे. पँट्रीजवळच्या नोटीस बोर्डावर बघ. दिसली नाहीत तर एचआरला एका ओळीचा मेल करून विचार, कारण सांगायची गरज नाही. तुझी कंपनी मोठी दिसते. पण बाणेरमधल्या सहाजणांच्या स्टार्टअपमध्ये कुणी असेल, किंवा मेंटॉर हाच मालक असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पुण्यात ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते. केंद्र सरकारच्या shebox.wcd.gov.in या पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते.

कॉलेजचं काय? यूजीसीच्या २०१५च्या नियमांत 'कॅम्पस'च्या व्याख्येतच इंटर्नशिपची जागा धरलेली आहे. म्हणून एक प्रत कॉलेजच्या अंतर्गत समितीलाही दे. ती कंपनीच्या माणसाला शिक्षा करू शकत नाही, पण तुझं मूल्यमापन इंटर्नल गाइडकडून करून घेऊ शकते आणि कंपनीला लिहू शकते. प्रत समितीलाच दे, ट्रेनिंग-प्लेसमेंटच्या सरांना नको. तिथे 'कंपनी पुढच्या वर्षी कॅम्पसला येणार नाही' हे वाक्य तयार असतं. जाता जाता, हा प्रश्न एखाद्या मुलाचा असता तर २०१३च्या कायद्याने त्याला दार उघडलं नसतं, पण यूजीसीच्या नियमांनी उघडलं असतं. आणि पॉलिटेक्निकची किंवा आयटीआयची ट्रेनी अठराच्या आतली असेल, तर ते थेट पॉक्सोचं प्रकरण होतं आणि माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं असतं. तुझ्या बाबतीत पोलिसांकडे जायचं की नाही हे तू ठरव. समितीची चौकशी चालू असतानाही जाता येतं, तिथे तीन महिन्यांची ही अट नाही, आणि तू ठरवलंस तर त्यात मदत करणं हे कंपनीचं कर्तव्य आहे.

तक्रार गेल्यावर बहुधा कुणीतरी गोड आवाजात सुचवेल की सर्टिफिकेट घे, चांगलं शिफारसपत्र घे, मिटवून टाकू. समेटाची सोय कायद्यात आहे, पण ती तू मागितलीस तरच, चौकशी सुरू होण्याआधी, समितीमार्फत, आणि पैशांवर नाही. एकदा समेट नोंदला की पुढे चौकशी होत नाही. केलेल्या कामाचं सर्टिफिकेट तुझंच आहे, ते देवाणघेवाणीत मोजू नकोस. 'सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल' असंही ऐकशील. नुसतं सिद्ध न होणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हे कायद्याच्या चौदाव्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे.

अर्जाच्या शेवटी मागण्या लिही, नाहीतर समिती विचारत बसते. मूल्यमापन दुसऱ्या व्यक्तीने करावं, उरलेल्या दिवसांत काम दुसऱ्या कुणाला दाखवू द्यावं, सर्टिफिकेट ठरलेल्या तारखेला मिळावं, वर सांगितलेल्या नोंदी जतन व्हाव्यात, आणि चौकशी इंटर्नशिप संपल्यावरही चालू राहावी.

३० जूनला तुझ्यापुढे एक्झिट फॉर्म येईल. त्यात कुठेतरी 'माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार प्रलंबित नाही' अशी ओळ असते, आणि घाईत सगळे तिच्याखाली सही करतात. ती ओळ खोड, शेजारी 'अंतर्गत समितीकडे दिलेली तक्रार प्रलंबित आहे' असं लिहून तारीख टाक, आणि फॉर्म ऑनलाइन असल्यामुळे खोडता येत नसेल तर सबमिट करण्याआधी हेच वाक्य खासगी मेलवरून समितीला पाठव.